माडीवरच्या शिलाई कारखान्यात आगीचा धोका कसा तपासायचा

नागपुरातल्या इतवारी, गांधीबाग, हंसापुरी या भागांत शाळेचे गणवेश शिवणारे कितीतरी छोटे कारखाने जुन्या घरांच्या माडीवर चालतात. खाली दुकान किंवा गोदाम, वर दहा-पंधरा मशिनी, आणि वर जायला एकच जिना. अशा जागांची आगीच्या दृष्टीनं तपासणी करणं हे माझं काम आहे. ज्यांनी नुकताच कारखाना टाकलाय किंवा ज्यांच्या अंगावर हे काम पहिल्यांदाच आलंय, त्यांना आपली जागा स्वतः तपासता यावी म्हणून ही पद्धत लिहितोय.

तपासणी म्हणजे तीन प्रश्नांची उत्तरं शोधून ती लिहून काढणं. आग कुठून लागेल? ती कशावर वाढेल? आणि लागलीच, तर आतला प्रत्येक माणूस बाहेर कसा पडेल? बहुतेक जण भिंतीवरच्या आग विझवायच्या लाल सिलिंडरपासून सुरुवात करतात. मी तिसऱ्या प्रश्नापासून करतो, आणि तुम्हीही तसंच करावं असं माझं ठाम मत आहे. ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात खालच्या मजल्यावरच्या कपडे शिलाईच्या दुकानाला आग लागली. वर राहणारी सात माणसं गेली ती धुरानं गुदमरून. कापड खाली जळतं, धूर जिन्यातून वर चढतो, आणि ज्या वाटेनं खाली यायचं तीच वाट आधी बंद होते. माडीवरच्या कारखान्याची सगळी तपासणी या एका गोष्टीभोवती फिरते.

पुढं उदाहरण म्हणून मी तपासलेला एक गणवेशांचा कारखाना घेतो. पहिल्या मजल्यावर तीस बाय अठरा फुटांचा हॉल, अकरा शिलाई मशिनी, त्यात दोन ओव्हरलॉक, एक कटिंग टेबल, एक इस्त्रीचं टेबल. माणसं चौदा.

तपासणीचा दिवस

जागा सगळ्यात जास्त भरलेली असते त्या दिवशी तपासा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, म्हणजे गणवेशांचा हंगाम एप्रिल ते जून. नेमक्या याच दिवसांत पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, हवा कोरडी ठणठणीत असते, सगळे कूलर चालू असतात आणि कापडाचा साठा वर्षातला सगळ्यात मोठा असतो. ऑक्टोबरातल्या रिकाम्या हॉलमध्ये केलेली तपासणी मे महिन्यात खोटी ठरते.

कोरड्या हवेचा संबंध थेट आगीशी आहे. सुती कापड हवेतलं पाणी धरून ठेवतं. हवेत पासष्ट टक्के आर्द्रता असली तर कापडात त्याच्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी असतं. मे महिन्यातल्या दुपारी आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते आणि कापडातलं पाणी निम्म्याहून कमी होतं. तेच कापड मग जास्त लवकर पेट घेतं.

दिवसातली वेळही निवडून घ्या. मी दोनदा जातो. एकदा दुपारी चारच्या सुमारास, सगळं चालू असताना, आणि दुसऱ्यांदा कारखाना बंद होताना. दिवसा न दिसणाऱ्या अर्ध्या गोष्टी बंद होताना दिसतात: कोण शेवटी निघतं, काय चालू राहतं, कुलूप कुठून लागतं.

आधी बाहेर पडायची वाट

सगळ्यात लांबच्या मशिनीवर बसा आणि तिथून रस्त्यापर्यंत चालत या. हातात मोजपट्टी आणि वही असू द्या. वाटेत जे जे आडवं येतं ते लिहा.

आपल्या उदाहरणातल्या कारखान्यात मागच्या मशिनीपासून जिन्याच्या दारापर्यंत चौतीस फूट. दोन ओळींमधली वाट तयार गणवेशांच्या गाठोड्यांनी अर्धी भरलेली. जिन्याचं दार आतल्या बाजूला उघडणारं. चौदा माणसं एकदम दाराशी आली तर पहिल्या माणसाला दार ओढायला जागाच मिळणार नाही. जिना ऐंशी सेंटीमीटर रुंद. खालच्या सहा पायऱ्यांवर भिंतीच्या कडेनं कात्रणांची पोती, त्यांनी पस्तीस सेंटीमीटर खाल्ले. उरले पंचेचाळीस, म्हणजे एक माणूस, तोही तिरपा.

आणि जिन्याच्या पोटात, त्या पोत्यांना लागून, तिन्ही मजल्यांचे वीज मीटर. लाकडी फळी, जुन्या चिनी मातीच्या फ्यूजा, एका फ्यूजमध्ये तारेच्या जागी जाड तांब्याची वायर पिळून घातलेली. मीटरच्या फळीवर कापडाच्या तुसाचा बोटाएवढा जाड थर. जुन्या नागपुरातल्या घरांत मीटर जिन्याखालीच असतात, आणि जिन्याखालची जागा मोकळी दिसली की तिथे पोती जातातच. हे दोन्ही वेगवेगळे पाहिले तर किरकोळ वाटतात. एकत्र पाहिलं की कळतं, इमारतीत ठिणगी पडायची सगळ्यात जास्त शक्यता जिथे, तिथेच आपण सरपण रचलंय, आणि तीच वर असलेल्या चौदा जणांची एकुलती एक वाट आहे. पूर्ण तपासणीत दुसरं काही सापडलं नाही आणि एवढं एक सापडलं, तरी दिवस सार्थकी लागला असं समजा.

दार तपासताना दोन नियम लक्षात ठेवा. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार बाहेर पडायच्या दाराची रुंदी किमान एक मीटर लागते, आणि सरकतं दार किंवा वर गुंडाळलं जाणारं शटर बाहेर पडायची वाट म्हणून धरलं जात नाही. वीज गेली, शटर अडकलं, बाहेरून कोणी अर्धं ओढलं, की ती भिंतच होते. जुन्या घराचा जिना रातोरात रुंद होणार नाही हे मलाही कळतं. पण जेवढा आहे तेवढा पूर्ण मोकळा ठेवणं आपल्या हातात आहे.

मग दुसरी वाट शोधा. इथे एक फसवणूक होते. मालक म्हणतात, वर गच्ची आहे, तिकडे जातील. गच्चीवर जायचा रस्ता त्याच जिन्यातून असेल तर ती दुसरी वाट नव्हे, कारण धूर आधी तिथेच भरतो. दुसरी वाट पहिलीपासून दूर, जमल्यास हॉलच्या विरुद्ध टोकाला हवी.

या हॉलच्या मागच्या बाजूला एक मोठी खिडकी होती, बाहेर सज्जा, आणि सज्ज्यातून शेजारच्या घराच्या गच्चीवर सहज उतरता येत होतं. खिडकीला लोखंडी जाळी होती आणि जाळीत कूलर बसवलेला.

"ही खिडकी मोकळी करावी लागेल, भाऊ," मी मालकांना म्हटलं.

"मे महिन्यात? कारागीर पळून जातील ना जी. कूलर कुठे लावू मग?"

त्यांची अडचण खरी होती. पंचेचाळीस अंशांत कूलर बंद करा असं सांगणारा माणूस नागपूरचा नसेल. आम्ही हॉलभर फिरून पाहिलं. बाजूच्या भिंतीत दोन लहान खिडक्या होत्या, त्यांतून माणूस निघणार नव्हता, पण कूलरची हवा नक्की आली असती. कूलर तिकडे गेला. मागच्या जाळीचा दोन फूट बाय तीन फुटांचा भाग कापून त्याला बिजागऱ्या लावून घेतल्या, कडी आतून, कुलूप नाही. शेजाऱ्यांशी बोलून त्यांच्या गच्चीवर उतरायची लेखी संमती घेतली, आणि त्यांच्या गच्चीचं दार दिवसा बंद राहणार नाही हेही ठरवलं. खिडकीची चौकट जमिनीपासून साडेतीन फूट उंच होती, म्हणून खाली पक्की दोन पायऱ्यांची लोखंडी घडवंची जमिनीला ठोकून घेतली. ही वाट जिन्याइतकी चांगली नाही. वयस्क माणसाला वेळ लागतो. म्हणून ती जिना मोकळा ठेवायच्या बदल्यात चालत नाही. जिना मोकळा हवाच, आणि शिवाय ही.

आग कुठून लागेल

शिलाईच्या कारखान्यात मुख्य जागा तीन: वीज, इस्त्री आणि डाग काढायचं रसायन.

विजेसाठी प्रत्येक सॉकेटपाशी थांबा आणि त्यावर काय काय चालतं ते वॅटमध्ये लिहा. आकडा यंत्राच्या पाटीवर असतो. आपल्या कारखान्यात एका सहा अँपिअरच्या सॉकेटवरून एक्स्टेन्शन बोर्ड घेतला होता. त्यावर हजार वॅटची इस्त्री, साडेसातशे वॅटचं कापड कापायचं मशीन आणि दोनशे वॅटचा कूलर. बेरीज १९५० वॅट. तिला २३० व्होल्टनं भागा: जवळपास साडेआठ अँपिअर. सॉकेट सहाचं.

"पण एमसीबी आहे ना, जास्त झालं तर पडेल," असं हमखास ऐकायला मिळतं. त्या लाइनचा एमसीबी वीस अँपिअरचा होता. त्याच्या दृष्टीनं साडेआठ म्हणजे काहीच नाही, तो कधीच पडणार नाही. एमसीबी वायरीचं आणि सॉकेटचं रक्षण तेव्हाच करतो, जेव्हा तो त्यांना झेपेल इतकाच लहान असतो. मोठा एमसीबी लावला की सॉकेट तापत राहतं, आतली पितळी पट्टी सैल पडते, सैल जागी आणखी ताप वाढतो, आणि एक दिवस प्लास्टिक वितळतं.

हे ओळखायची सोपी खूण आहे. इस्त्री तासभर चालल्यावर स्विच बंद करा, प्लग काढा आणि पिना सोडून प्लगच्या अंगाला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, किंवा सॉकेटच्या भोकांभोवती तपकिरी डाग पडला असेल, किंवा जळक्या प्लास्टिकचा वास येत असेल, तर ती जागा त्याच दिवशी बंद करा. उपाय महाग नाही: इस्त्रीला मुख्य बोर्डापासून वेगळी लाइन, अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, सोळा अँपिअरचं सॉकेट आणि सोळाचाच एमसीबी. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. हंगामातली सगळी यंत्रं धरून बेरीज करा आणि महावितरणच्या बिलावरच्या मंजूर भाराशी ताडून बघा. बेरीज त्याच्या वर जात असेल तर भार वाढवून घ्यायचा अर्ज द्या.

आरसीसीबी बसवलेला असला तर त्याचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबा. तो पडला पाहिजे. पण त्याची मर्यादा माहीत असू द्या. तो गळणारी वीज पकडतो. जादा भार किंवा सैल जोड त्याला कळत नाही.

इस्त्रीची आग वेगळी असते, ती ज्वाळा होऊन येत नाही. टेबलावर फोमची गादी, तिच्यावर जुनं ब्लँकेट, त्यावर सुती कापड. गरम इस्त्री आडवी राहिली की आतला थर धुमसायला लागतो. धूर इतका कमी की सुट्टीच्या गडबडीत कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि कापूस असा तासन्तास धुमसू शकतो. सात वाजता कुलूप लागलं, मध्यरात्री आग दिसली, असं होतं ते यामुळे. म्हणून इस्त्री सुट्टीच्या अर्धा तास आधी बंद करायची. इस्त्रीच्या लाइनला वेगळा स्विच, त्याच्याजवळ लाल दिवा. शेवटी निघणाऱ्या माणसानं गादीवर हाताचा मागचा भाग फिरवायचा, कडेपर्यंत. कुठं ऊब लागली तर गादी उचलून खाली बघायचं आणि पाणी मारायचं. आमच्या तपासणीत गादीखाली करपलेली एक वर्तुळाकार जागा सापडली, चहाच्या बशीएवढी. ती कधी झाली हे कुणालाच सांगता आलं नाही.

डाग काढायला थिनर किंवा पेट्रोलसारखं काही वापरत असाल तर बाटली कुठे राहते ते बघा. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, टेबलाखालून जमिनीवर पसरत जाते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. ही बाटली इस्त्रीच्या टेबलावर सापडणं नेहमीचंच, कारण डाग इस्त्री करतानाच दिसतो. डाग काढायचं काम खिडकीपाशी, इस्त्रीपासून दूर न्या, दिवसाला लागेल तेवढंच पाव लिटर वर ठेवा आणि झाकण घट्ट लावा.

आग कशावर वाढेल

कापडाचे तागे गच्च गुंडाळलेले असतात, ते लगेच पेटत नाहीत. आग पळते ती तुसावरून आणि कात्रणांवरून. ओव्हरलॉक मशीन कापडाची कड कापत जाते, तिचा भुगा मशिनीच्या पोटात, मोटरवर, ट्यूबलाइटच्या पट्टीवर, पंख्याच्या पात्यांवर बसतो. कूलर तो उडवून कोपऱ्यात नेतो. बोटानं पुसून बघा. पुसल्यावर खालचा रंग वेगळा दिसला तर थर जास्त आहे. तूस झाडायचा नाही, हवेच्या फुंकणीनं उडवायचाही नाही; तो फक्त जागा बदलतो आणि हवेत उडालेला तूस भपकन पेटतो. व्हॅक्यूमनं ओढून घ्या किंवा ओल्या फडक्यानं टिपा, मशीन बंद करून. ओव्हरलॉकखाली रोज, बाकी हॉल आठवड्यातून एकदा.

गणवेशाचं कापड बहुतेक टेरिकॉट असतं, म्हणजे पॉलिस्टर आणि कापूस मिसळलेलं. नुसतं पॉलिस्टर वितळून आगीपासून मागे सरकतं. मिश्र कापडात कापसाचे धागे उभे राहतात आणि वितळलेलं पॉलिस्टर त्यांना धरून जळतं, अगदी समईतल्या वातीसारखं. शिवाय ते ठिबकतं आणि कातडीला चिकटतं. त्यामुळे "आमचं कापड सुती नाही" हा दिलासा धरू नका.

साठ्यासाठी माझा एक साधा नियम आहे: हॉलमध्ये दोन दिवसांच्या कामाचं कापड, बाकी वेगळ्या खोलीत, दार बंद. आपल्या उदाहरणात चाळीस तागे हॉलमध्ये होते. शंभर मीटरच्या एका ताग्याचं वजन बावीस किलोच्या आसपास धरलं, तर आठ-नऊशे किलो कापड चौदा माणसांच्या पाठीशी उभं होतं. बोर्डासमोर आणि मीटरसमोर एक मीटर जागा पूर्ण रिकामी. जमिनीवर पिवळा पट्टा मारून घ्या, नाहीतर चार दिवसांत तिथे गाठोडं येतं.

कोण कोण आत असतं

हजेरीवर चौदा नावं होती. विचारत गेलो तेव्हा आणखी तीन माणसं निघाली. काज-बटणं करायला दुपारी येणाऱ्या दोन मावशी, त्यांतल्या एकीचे गुडघे दुखतात. आणि एक हेल्पर, गावाकडचा मुलगा, जो हंगामात रात्री हॉलमध्येच झोपायचा. खालचं चॅनल गेट रात्री बाहेरून कुलपात.

हे वाचणाऱ्या प्रत्येक मालकाला हात जोडून सांगतो: कापडाच्या साठ्यात माणूस झोपवू नका. झोपलेल्या माणसाला धुराच्या वासानं जाग येईल या भरवशावर राहू नका. धूर त्याला आधी बेशुद्ध करतो. भाड्याची खोली जमत नसेल तर दुसऱ्या कुणाच्या घरी सोय करा, पण त्या रात्रीपासून. आमच्या कारखान्यात मालकांनी त्याच संध्याकाळी मुलाला स्वतःच्या घरी नेलं. तसंच, आत एकही माणूस असताना बाहेरून कुलूप लावायचं नाही, अगदी हिशेबाला बसलेला मास्टर एकटा असला तरी.

लिहून काढणं आणि क्रम लावणं

आता वहीत प्रत्येक गोष्टीसमोर दोन आकडे लिहा. घडायची शक्यता एक ते तीन, आणि घडलं तर नुकसान एक ते तीन. गुणाकार करा. मोठा आकडा आधी. पद्धत सोपी आहे, पण एक गोम आहे. पंख्यावरचा तूस: शक्यता तीन, नुकसान एक, गुणाकार तीन. रात्री आत कोंडलेला मुलगा: शक्यता एक, नुकसान तीन, गुणाकार पुन्हा तीनच. हे दोन सारखे नाहीत. म्हणून मी गुणाकाराआधी एक चाळणी लावतो: ज्या गोष्टीमुळे माणूस बाहेर पडू शकत नाही, ती आकडा काहीही असो, आजच.

नोंद कशी दिसावी, त्याचा एक नमुना:

"जिन्याखाली तीन वीज मीटर, त्यांना लागून कात्रणांची अकरा पोती. मीटरच्या एका फ्यूजमध्ये जाड वायर. जिना एकच, मोकळी रुंदी पंचेचाळीस सेंटीमीटर. धोका कोणाला: वरच्या सतरा जणांना आणि दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाला. शक्यता २, नुकसान ३. काय करायचं: पोती आज संध्याकाळपर्यंत हलवणे, जबाबदारी हेल्परची, फ्यूज बदलणे, वायरमन, उद्या, मीटरची फळी बदलण्यासाठी घरमालकाला पत्र, शनिवारपर्यंत. पाहणी पुन्हा: सोमवारी."

जागा, वस्तू, माणसं, काम, नाव, तारीख. "जिना मोकळा ठेवावा" एवढंच लिहिलं तर कोणीच ठेवत नाही, कारण ते कुणाचंच काम नसतं.

विझवायची साधनं, त्यांची ताकद आणि मर्यादा

जिन्याच्या दारापाशी आणि हॉलच्या मागच्या टोकाला एकेक सहा किलोचं एबीसी पावडरचं सिलिंडर, बोर्डाजवळ एक कार्बन डायऑक्साइडचं. सिलिंडर बाहेर पडायच्या वाटेवर ठेवा. ते घ्यायला आगीच्या दिशेनं जावं लागू नये. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते महिन्यातून एकदा बघा. एकदा जरी दाबलं असेल तरी भरून आणा, कारण नळीत राहिलेली पावडर दाब गळू देते.

सहा किलोचं सिलिंडर साधारण पंधरा-वीस सेकंद चालतं. तेवढ्यात गाठोडंभर आग विझते, ताग्यांची रास नाही. आणि कापडाच्या ढिगावर पावडर मारली की वरची ज्वाळा बसते, पण आत धुमसतच राहतं. दहा मिनिटांनी पुन्हा पेटतं. त्याला शेवटी पाणीच लागतं. नागपुरात उन्हाळ्यात प्रत्येक कारखान्यात कूलरसाठी दोनशे लिटरचा ड्रम भरलेला असतोच. त्याच्या कडेला चार बादल्या कायमच्या टांगा. वीज बंद केल्याशिवाय मात्र पाणी मारायचं नाही.

ज्या गावातल्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी एकोणिसाव्या शतकातच आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा बसवली होती, त्याच गावात आजच्या माडीवर निदान चार बादल्या तरी असाव्यात.

इशारा द्यायला बॅटरीवरचे धूर ओळखणारे दोन यंत्र पुरतात, एक हॉलमध्ये आणि एक जिन्यात वर. इस्त्रीजवळ लावू नका, वाफेनं ते उगाच वाजत राहतं आणि शेवटी कोणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवतं. तुसानंही ते बिघडतं, म्हणून दर आठवड्याला बाहेरून ब्रशनं साफ करा.

कवायत

पोती हलवायच्या आधी आम्ही एकदा सगळ्यांना खाली उतरवून घड्याळ लावलं होतं. शेवटचा माणूस रस्त्यावर यायला एक मिनिट पन्नास सेकंद लागली. जिना मोकळा केल्यावर आणि दार बाहेर उघडणारं केल्यावर तेच पंचेचाळीस सेकंदांत झालं. दुसऱ्या वेळी मागच्या खिडकीतूनही पाच जणांना उतरवून पाहिलं. गुडघे दुखणाऱ्या मावशींची जागा त्यानंतर जिन्याच्या दाराजवळ आणली.

कवायतीत चार गोष्टी ठरवा. ओरडणार कोण, तर ज्याला आधी दिसलं तो, परवानगी न घेता. वीज बंद कोण करणार, तर बोर्डाजवळ बसणारा, आणि तोही वाटेत जमलं तरच. जमायचं कुठे, तर गल्लीत नाही, चौकात. हजेरीचं रजिस्टर दाराला टांगलेलं असावं, निघताना उचलायचं आणि तिथं नावं मोजायची. आणि चौथं, एक माणूस गल्लीच्या तोंडाशी उभा राहील. १०१ किंवा ११२ ला फोन करताना गल्लीचं नाव, जवळची खूण, कितवा मजला आणि आत कोणी अडकलंय का हे सांगायचं. इतवारीतल्या कितीतरी गल्ल्यांत अग्निशमनची मोठी गाडी शिरत नाही. गल्लीच्या तोंडापासून जिन्यापर्यंत किती अंतर आहे ते आधीच मोजून ठेवा आणि येणाऱ्या जवानांना सांगा. त्यांना किती होज सोडायचा ते लगेच कळतं.

नावं मोजून एक कमी भरला तर परत वर जायचं नाही. जवानांना सांगायचं, कोण आणि कुठे बसतो ते.

कागद

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ नुसार आगीपासूनच्या उपाययोजनांची जबाबदारी जागेच्या मालकावर आणि जागा वापरणाऱ्यावर आहे. भाडेकरू आहोत म्हणून सुटका नाही. बसवलेली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं फॉर्म बी हे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यायचं असतं. तुमच्या इमारतीला नेमकं काय लागू होतं ते महापालिकेच्या अग्निशमन विभागात विचारून घ्या आणि जाताना तुमची वही सोबत न्या. ही वही त्या प्रमाणपत्राची जागा घेत नाही, तसं ते प्रमाणपत्रही वहीची जागा घेत नाही. प्रमाणपत्र सिलिंडर भरलेलं असल्याचं सांगेल, जिन्यावर आज पोती आहेत का ते सांगणार नाही.

पुन्हा पाहणी

वर्षातून दोनदा: एप्रिलच्या सुरुवातीला, कूलर बसवले जातात तेव्हा, आणि पाऊस लागल्यावर, जुन्या भिंतींत ओल येऊन वायरिंग भिजायला लागतं तेव्हा. याशिवाय नवं मशीन आलं, मांडणी बदलली, माणसं वाढली, की त्या आठवड्यात.

आपल्या कारखान्यात मी तीन आठवड्यांनी परत गेलो. जिना मोकळा होता. फ्यूज बदलली होती. मागची खिडकी हातानं उघडून पाहिली, कडी सहज निघाली. मीटरची लाकडी फळी मात्र तशीच होती. घरमालकांना पत्र गेलं होतं, उत्तर आलं नव्हतं. वहीत त्या ओळीसमोर "बाकी" लिहून नवी तारीख टाकली, आणि तोपर्यंत कात्रणवाल्याला एक दिवसाआड बोलवायचं ठरलं, म्हणजे पोती भरून पायऱ्यांवर यायच्या आधीच उचलली जातील.